ओढ, सणक आणि ठणका : गुडघा बदललेल्या एका बाईंचा घरच्या व्यायामाचा कागद

ऑपरेशननंतर सतराव्या दिवशी काकू माझ्याकडे फिजिओथेरपीसाठी आल्या. वय ६६, उजवा गुडघा बदललेला, टाके तीन दिवसांपूर्वी निघालेले, हातात वॉकर. सोबत मुलगी होती आणि तिच्या हातात रुग्णालयातून मिळालेला छापील कागद. (ओळख पटू नये म्हणून किरकोळ तपशील बदलले आहेत, मोजमापं तशीच ठेवली आहेत.)

कागदावर दहा व्यायाम होते. प्रत्येक २० वेळा, दिवसातून ४ वेळा. खाली एकच ओळ : ‘सहन होईल तेवढं करा.’ मी सहज विचारलं, “काकू, यातलं किती होतं रोज?” त्या जरा दुखावल्यासारख्या म्हणाल्या, “किती म्हणजे? सगळं करते. एक वेळ चुकवलेली नाही.” मुलीने मान हलवली. दहा गुणिले वीस गुणिले चार, म्हणजे रोज ८००. सहनशक्ती दांडगी असलेल्या माणसाला ‘सहन होईल तेवढं’ सांगितलं की असंच होतं.

गुडघा मोजला. वाकणं ७४ अंश. दहाव्या दिवशी सर्जनच्या नोंदीत तेच ८५ होतं, म्हणजे आठवडाभर कष्ट करून त्या अकरा अंश मागे आल्या होत्या. पाय पूर्ण सरळ व्हायला १२ अंश कमी पडत होते. वाटीच्या मध्यावर टेप लावली तर उजवा गुडघा ४३.५ सेंटिमीटर आणि डावा ३९. पाय सरळ ठेवून उचलायला सांगितला तर टाच उचलली जाई, पण गुडघा लगेच ढिला पडून वाकत असे. बसल्या जागी दुखणं १० पैकी ४, रात्री ७.

व्यायामाचा विचार करण्याआधी दोन शंका दूर करायच्या होत्या. पहिली, जखमेत किंवा सांध्यात जंतुसंसर्ग. जखम कोरडी होती, ताप नव्हता, लाली पसरत नव्हती. गुडघा गरम होता, पण बदललेला गुडघा कित्येक महिने कोमट राहतो, त्यामुळे नुसत्या उष्णतेवरून काही ठरत नाही. दुसरी शंका शिरेत रक्ताची गुठळी होण्याची. पोटरी मऊ होती आणि दाबल्यावर विशेष दुखत नव्हती. तरी हाताने तपासून गुठळी नाही असं म्हणणं धोक्याचं असतं, म्हणून त्याच दिवशी सर्जनना फोन केला. त्यांनी बोलावून घेतलं, पायाच्या शिरांची डॉपलर सोनोग्राफी केली, ती स्वच्छ आली. त्यानंतरच मी जुना कागद बाजूला ठेवला.

काय झालं होतं ते मुलीला समजावून सांगावं लागलं, कारण घरात निष्कर्ष निघाला होता की आई पुरेसं करत नाही. सांध्यात पाणी साठलं की सांध्याच्या आवरणातले मज्जातंतू मणक्याकडे सतत निरोप पाठवतात आणि तिथून मांडीच्या पुढच्या स्नायूला ‘आवळू नकोस’ असा हुकूम येतो. हा हुकूम माणसाच्या इच्छेवर चालत नाही. स्नायू जागेवर असतो, नस शाबूत असते, पण पूर्ण जोर लागत नाही. गुडघा बदलल्यावर पहिल्या महिन्यात या स्नायूची ताकद ऑपरेशनआधीच्या निम्म्यावर किंवा त्याखाली येते, आणि त्याचं मोठं कारण हा हुकूमच असतो. काकू ८०० वेळा पाय हलवत होत्या, त्यातून सूज वाढत होती, सुजेने स्नायू आणखी गप्प होत होता आणि फुगलेला सांधा वाकायलाही जागा देत नव्हता.

नव्या कागदावर मी पाचच गोष्टी लिहिल्या. घोटा वर-खाली करणं, तासातासाला दहा-पंधरा वेळा. मांडी आवळून ५ सेकंद धरणं, १० वेळा. टाचेखाली घट्ट उशी ठेवून गुडघा मोकळा सोडणं, ५ मिनिटं. पलंगावर टाच सरकवत गुडघा वाकवणं आणि टोकाला ५ सेकंद थांबणं, १० वेळा. घरातल्या घरात ५ मिनिटं वॉकरने चालणं. घोटा सोडून बाकी सगळं दिवसातून ३ वेळा, प्रत्येक वेळेनंतर पाय उशांवर उंच ठेवून, कापडात गुंडाळलेला बर्फ १५ मिनिटं. पाय उंच ठेवतानाही उशी टाचेपासून पोटरीपर्यंत, नुसत्या गुडघ्याखाली नाही.

काकूंनी कागद पाहिला आणि म्हणाल्या, “एवढंच? मग वाकणार कसा?”

आता मुख्य प्रश्न होता, यात भर कधी आणि किती घालायची. मी नेहमीप्रमाणे शून्य ते दहा आकड्यांचा नियम सांगायला लागले. काकू दोन मिनिटं ऐकून म्हणाल्या, “डॉक्टर, सहा की सात ते मला नाही सांगता येत. रात्री ठणकतं, वाकवताना ओढ बसते, आणि कधी कधी पुढून सणक येते. या तिघांना एकच आकडा कसा लावू?”

हे मला आधी सुचायला हवं होतं. आपल्या भाषेत दुखण्याला इतके वेगवेगळे शब्द आहेत आणि आम्ही सगळ्यांना एका पट्टीवर बसवतो. त्या तीन शब्दांवरच कागद पुन्हा लिहिला.

ओढ म्हणजे वाकवताना पुढे आणि सरळ करताना मागे जाणवणारा बोथट ताण. पाय सोडला की तो उतरतो. आखडलेल्या ऊतींना ताणल्याशिवाय सांधा मोकळा होत नाही, म्हणून वाकवण्याच्या आणि सरळ करण्याच्या व्यायामात ओढ पाचपर्यंत चालेल असं लिहिलं. सणक म्हणजे एका ठिकाणी, एका क्षणी, टोचल्यासारखी येणारी कळ. ती आली की तेवढी हालचाल थांबवायची, पाय थोडा मागे घ्यायचा आणि कमी अंतरात पुन्हा करून बघायचं. तीनदा आली तर तो व्यायाम त्या दिवसापुरता बंद. ठणका व्यायाम करताना क्वचितच कळतो. तो नंतर येतो, संध्याकाळी, रात्री, पाय स्वस्थ असताना. ठणका ही सांध्याने उशिरा दिलेली पावती आहे. व्यायामाचं प्रमाण जास्त झालं का, हे व्यायामाच्या क्षणी विचारून उत्तर मिळत नाही, ते दुसऱ्या सकाळी मिळतं.

म्हणून वाढीचा नियम सकाळवर बांधला. उठल्यावर, पलंगावरून उतरण्याआधी आणि गोळी घेण्याआधी, ठणक्याला शून्य ते दहामधला एक आकडा द्यायचा. एकाच दुखण्याला आकडा लावणं काकूंना जमलं. मग मुलीने वाटीच्या मध्यावर टेप लावायची. जागा चुकू नये म्हणून दोन्ही बाजूंना पेनाने ठिपके काढून दिले आणि पुसट झाले की पुन्हा काढायला सांगितले. पाय दर वेळी सारखाच लांब पसरलेला हवा, टेप कातडीला टेकलेली हवी, आवळलेली नको.

आकडा कालच्याएवढा किंवा कमी आणि टेप तेवढीच असेल तर आजचा दिवस कालसारखा. असे दोन दिवस लागोपाठ गेले की एकच गोष्ट वाढवायची. आकडा एक-दोनने वाढला तर काही वाढवायचं नाही, कमीही करायचं नाही. आकडा दोनपेक्षा जास्त वाढला, किंवा टेप एक सेंटिमीटर किंवा त्याहून पुढे गेली, तर एक दिवस सगळं निम्मं. बंद नाही, निम्मं. घोटा हलवणं आणि मांडी आवळणं मात्र पूर्ण, कारण त्यांनी सांधा वाकत नाही. आणि कागदाच्या डोक्यावर, ठळक : पोटरीत नवीन दुखणं किंवा सूज, ताप, जखमेतून पाणी, पसरणारी लाली, पायावर भार अचानक न झेपणं यांपैकी काही झालं तर व्यायाम नाही, लगेच फोन. श्वास लागला किंवा छातीत दुखलं तर मला फोनही नाही, थेट रुग्णालय.

‘एकच गोष्ट वाढवायची’ हे वाक्य मी लाल पेनाने अधोरेखित केलं. १० चे १५ करायचे असतील तर फक्त एका व्यायामाचे, आणि त्या दिवशी चालणं वाढवायचं नाही. दोन गोष्टी एकदम वाढवल्या आणि दुसऱ्या सकाळी ठणकलं तर कशामुळे ते कळत नाही, मग माणूस घाबरून दोन्ही सोडतो.

पहिले तीन दिवस काकूंना चैन पडत नव्हतं, पण टेप खाली येऊ लागली. चौथ्या सकाळी ४२.४. रात्रीचा ठणका ७ वरून ४. एकविसाव्या दिवशी वाकणं ८६ अंश झालं, म्हणजे ८०० पेक्षा कितीतरी कमी हालचालींत गेलेले अंश परत आले. सुजेने अडलेलं वाकणं सूज उतरली की आपोआप मिळतं, ते ओढून काढावं लागत नाही. त्या दिवसापासून यादीत एकेक करून दोन गोष्टी घातल्या : मांडीखाली गुंडाळी ठेवून पाय सरळ करणं, आणि उंच केलेल्या खुर्चीतून हातांचा आधार घेत उठणं, ५ वेळा. गुंडाळीबद्दल ‘व्यायाम झाला की काढून ठेवणे’ असं लिहिलं. ते का, ते पुढे येईलच.

सव्विसाव्या सकाळी आकडा २ वरून ५ वर आणि टेप १.३ सेंटिमीटर पुढे. मुलीने फोन केला, “व्यायाम तर कालसारखाच होता.” खोदून विचारलं तेव्हा कळलं की घरी पाहुणे आले होते आणि काकू दुपारभर उभ्या होत्या. कागदावर फक्त व्यायाम मोजला जात होता, गुडघा मात्र दिवसभराचं सगळं मोजत होता. मी वहीत एक रकाना वाढवला, ‘आज व्यायामाशिवाय काय केलं’. जिना, उभं राहणं, बाहेर जाणं, सगळं त्यात. एक दिवस निम्मं केल्यावर आकडा खाली आला. इथवर नियमाने आपलं काम नीट केलं.

त्यानंतर तो दोनदा चुकला, आणि ही टिपणं लिहायचं खरं कारण तेच आहे.

पहिली चूक तिसाव्या दिवशी. सर्जननी दुखण्याची जोराची गोळी बंद करून साधी ठेवली. दोन दिवसांनी सकाळचा आकडा २ वरून ५. नियमाप्रमाणे काकूंनी सगळं निम्मं केलं. दुसऱ्या दिवशी आकडा ५ च, मग पुन्हा निम्मं केलं. चार दिवसांत त्या मांडी आवळण्यापर्यंत येऊन पोचल्या आणि मला वाटत होतं सगळं सुरळीत आहे. पाचव्या दिवशी वही पाहिली तर टेप चारही दिवस ४१.२ च्या पुढे गेली नव्हती, एकदा तर ४१. सांध्यावर भार जास्त झालेला नव्हता, फक्त दुखण्यावरचं पांघरूण निघालं होतं. दोष नियमाचा होता. दोन खुणांपैकी कुठलीही एक बिघडली की मागे या, असं मी लिहिलं होतं, आणि ‘एक दिवस’ संपल्यावर काय, ते लिहिलंच नव्हतं.

दुरुस्ती अशी केली. गोळी बदलली किंवा तिची वेळ बदलली की वहीत आडवी रेघ मारायची. रेघेनंतरच्या दोन सकाळी व्यायाम आहे तेवढाच, आणि त्या दोन सकाळचा आकडा हा नवा पाया. त्या काळात निर्णय टेपचा. शिवाय, निम्मं केल्यावर दोन दिवसांत आकडा उतरला नाही तर आणखी निम्मं नाही, फोन. गोळीबद्दल अजून एक सवय बदलली. काकू व्यायाम झाल्यावर गोळी घेत, ‘दुखलं म्हणून’. सर्जनना विचारून ती व्यायामाच्या पाऊण तास आधी आणली. त्यामुळे वाकवताना ओढ पाचच्या आत राहू लागली. सकाळचा आकडा मात्र गोळीआधीचाच, नाहीतर वही गोळीचा गुण लिहिते, गुडघ्याचा नाही.

दुसरी चूक जास्त गंभीर होती, कारण वरून सगळं छान दिसत होतं. त्यानंतरच्या आठवड्यात काकू काठीवर आल्या. वाकणं ९८, ठणका १ ते २, टेप उतरलेली. सगळे खूश. मी पाय सरळ करून मोजला, तर अजून १० अंश कमी. सतराव्या दिवशी १२ होते. एवढ्या दिवसांत फक्त दोन अंश.

वाकणं उशिरा का होईना येतं, सरळपणा लवकर मिळवला नाही तर हट्टी होतो. दहा अंश वाकलेल्या गुडघ्यावर उभं राहायचं म्हणजे मांडीचा स्नायू एक क्षणही सुटत नाही. चाल लंगडी होते आणि कंबर बोलू लागते. म्हणून मी वहीत मागे जाऊन टाचेखालच्या उशीचा रकाना पाहिला. ५ मिनिटं, मग ४, मग ३, मग दोन दिवस रिकामे. विचारलं तर काकू म्हणाल्या, “मागून ओढ सहापर्यंत जाते. तुम्हीच लिहिलंय ना, पाचच्या वर नाही?”

माझ्या नियमानेच त्यांना सगळ्यात गरजेच्या व्यायामातून बाहेर काढलं होतं. आणि त्यातून सुटलेला पाय रात्री आराम शोधत होता. मुलीने हळूच सांगितलं, “झोपताना गुडघ्याखाली छोटी उशी घेते ती. बरं वाटतं म्हणते.” बरं वाटणारच. किंचित वाकलेल्या स्थितीत सांध्यातला दाब सगळ्यात कमी असतो, म्हणून सुजलेला गुडघा आपणहून तिथे जाऊन बसतो. रात्रीचे सात तास तिथे, आणि दिवसा सरळ करायला तीन मिनिटं.

आता कागदावर सरळपणाला दुखण्याच्या नियमातून वेगळं काढलं. टाचेखालच्या उशीची ओढ मागच्या बाजूला असेल, बोथट असेल आणि पाय उचलल्यावर दहा मिनिटांत उतरत असेल, तर सहा आली तरी चालेल. हे ‘उतरणं’ आकड्यापेक्षा महत्त्वाचं. पुढून सणक आली किंवा पोटरीत खोल दुखू लागलं तर मात्र थांबायचं. एकदम पाच मिनिटं होत नसतील तर ३-३ मिनिटांचे तुकडे, दिवसात सहा-सात. ठणक्याने दिवस निम्मा झाला तरी वेळ कमी होईल, हा व्यायाम गळणार नाही. रात्रीची उशी बंद. त्यावर काकूंनी दोन रात्री झोप नीट लागत नसल्याची तक्रार केली, मग कुशीवर झोपून दोन पायांच्या मध्ये लांब उशी, उजवा पाय जमेल तितका सरळ, अशी तडजोड केली.

घरी सरळपणा मोजायला कोनमापक नसतो. म्हणून मुलीला सांगितलं, आई कडक पृष्ठभागावर पाय पसरून बसली की गुडघ्याच्या मागच्या पोकळीत हात सरकवून बघ. पहिल्या दिवशी मूठ जात होती. नंतर आडवा तळहात, नंतर फक्त बोटं. वहीत ‘मूठ, तळहात, बोटं’ असं लिहिलं जाऊ लागलं, आणि ते मला अंशांइतकंच उपयोगी पडलं. सोबत एक अट घातली : एका आठवड्यात हात बदलला नाही तर दुखण्याचा आकडा कितीही छान असो, मला दाखवायचं. वाकण्यालाही तशीच अट होती. सहा आठवड्यांना ९० च्या आत अडकलेला गुडघा सर्जननी पाहायलाच हवा, कारण भूल देऊन गुडघा वाकवून मोकळा करायचा झाल्यास त्याचा फायदा साधारण पहिल्या तीन महिन्यांत जास्त मिळतो. काकूंवर ती वेळ आली नाही.

एकोणपन्नासाव्या दिवशी वाकणं १०८, सरळपणात ५ अंश कमी, टेप ४०.४. पाय उचलताना गुडघा ढिला पडणं गेलं होतं. यादीत आता बुटक्या पायरीवर चढणं-उतरणं आणि आधार धरून टाचा उचलणं आलं होतं, आणि काठी फक्त बाहेर जाताना लागत होती. वाटीच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा का, असं त्यांनी पुन्हा विचारलं. छेद घेताना कातडीची एक बारीक नस कापली जाते, त्याचा तो पट्टा. तो कमी होत जातो, काहींना थोडा राहतो. व्यायामाशी त्याचा संबंध नाही, हे तेव्हा कागदाच्या मागे लिहून दिलं.

बाराव्या आठवड्यात वही जवळपास कंटाळवाणी झाली होती. सकाळचा आकडा रोज ० किंवा १, टेप ३९.८, वाकणं ११६, सरळपणात २ अंश. नियमाप्रमाणे प्रत्येक सकाळ ‘वाढवा’ म्हणत होती, म्हणजे नियमाकडे सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. पण काकूंना हात न लावता खुर्चीतून ३० सेकंदांत किती वेळा उठता येतं ते पाहिलं, तर ७ वेळा. या वयाच्या बाईला निदान ११ यावेत. समोर आरसा ठेवला तेव्हा त्यांनाही दिसलं : उठताना सगळा भार डाव्या पायावर, उजवा पाय नुसता पुढे सरकवलेला. दुखत नव्हतं म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

वेदनेच्या नियमाची ओळ मी त्या दिवशी खोडली. धोक्याच्या खुणा आणि आठवड्यातून एकदा टेप, एवढं ठेवलं. नव्या कागदावर तीनच व्यायाम आहेत आणि तेही एक दिवसाआड : दोन्ही पावलं शेजारी शेजारी, सारखी पुढे ठेवून आरशासमोर खुर्चीतून उठणं, उजव्या पायाने पायरी चढणं, आणि घोट्याला वजन बांधून गुडघा सरळ करणं. वजन तेव्हाच वाढवायचं जेव्हा तिसऱ्या फेरीतल्या शेवटच्या दोन खेपाही न डळमळता होतात. सकाळच्या रकान्याच्या जागी आता ‘३० सेकंदांत किती’ असा रकाना आहे, दर रविवारी भरायचा. परवाच्या रविवारी त्यात ९ लिहिलेले होते, आणि शेजारी मुलीच्या अक्षरात : ‘दोनदा डावीकडे झुकली, मोजले नाहीत.’